शून्यापासून सुरुवात

गणपतीच्या तोंडावर उकडीच्या मोदकांचा बारा मिनिटांचा व्हिडिओ तयार झाला आहे. आता यूट्यूबवर चढवताना डिस्क्रिप्शनचा रकाना समोर येतो. त्यात पाच हजार अक्षरं मावतात, पण प्रेक्षकाला आधी सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात. बाकीचं वाचायला त्याला मुद्दाम दाबावं लागतं. तरीही कितीतरी जण या मोक्याच्या जागी ‘नमस्कार मंडळी, चॅनलवर स्वागत’ असं लिहून मोकळे होतात.

तिथे खरं तर ‘पाकळ्या न फुटणारे उकडीचे मोदक: उकड, सारण आणि वाफवणं’ असं काही हवं. शोधणारा देवनागरीत लिहितो तसाच ukadiche modak असंही टाइप करतो, म्हणून तेही एखाद्या वाक्यात सहज यावं. मोदक, लाडू, चकली अशी शब्दांची नुसती रास ओतणं मात्र यूट्यूबच्या नियमांत बसत नाही. हॅशटॅग साठच्या वर गेले तर सगळेच दुर्लक्षिले जातात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेळांच्या नोंदीत.

```
0:00 तयार मोदक
0:40 उकड काढणे
4:15 सारण
6:30 पारी आणि कळ्या
9:50 वाफवणे
```

एवढं लिहिलं की खालच्या पट्टीचे आपोआप भाग पडतात. अटी मोजक्याच आहेत: पहिली नोंद 0:00 चीच हवी, निदान तीन नोंदी चढत्या क्रमाने हव्यात आणि कुठलाही भाग दहा सेकंदांपेक्षा छोटा नको. ‘आधी नुसतं दर्शन आहे, त्याची कशाला नोंद’ म्हणून 0:40 पासून सुरुवात केली की वेळा निळ्या दिसतात, दाबल्या तर चालतातही, पण पट्टी अखंडच राहते. दुसरी गफलत संकलनातली. वेळा टिपून झाल्यावर सुरुवातीचे बारा सेकंद कापले, तर पुढची प्रत्येक नोंद बारा सेकंद चुकते. कळ्या पाडताना बघायला आलेल्याला त्या सुरू झालेल्याच दिसतात. म्हणून वेळा टिपायच्या त्या शेवटच्या फाइलवरूनच.

शेवटी श्रेय. छायाचित्रण, संकलन करणाऱ्यांची नावं असतातच. कायद्याचा संबंध येतो तो संगीताशी. केव्हिन मॅक्लाउड यांच्या बऱ्याच धुना ‘क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.०’ परवान्याखाली वापरता येतात, मात्र धुनेचं नाव, संगीतकार, मूळ दुवा आणि परवान्याचा दुवा द्यावा लागतो. धून कापली किंवा बदलली असेल तर तेही सांगावं लागतं. दुवा https:// पासून पूर्ण लिहावा.

सिनेमातलं गाणं लावून खाली ‘श्रेय मूळ कलाकारांना’ लिहिण्याची पद्धत फार पसरली आहे. तिचा उपयोग शून्य. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा आवाज जुळवून बघते, डिस्क्रिप्शन नव्हे, आणि जुळला की त्या व्हिडिओच्या जाहिरातींचं उत्पन्न हक्कदाराकडे जाऊ शकतं.