उभं राहता न येणाऱ्यांची उंची

अकोले तालुक्यातल्या एखाद्या वाडीत नऊ वर्षांची एक मुलगी आहे असं समजा. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. गुडघे आखडलेले, पाठ एका बाजूला वाकलेली, उभं राहता येत नाही. शाळेत तपासणीचं पथक येतं तेव्हा भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीपुढे तिला उभं करता येत नाही आणि तिच्या कार्डावर उंचीचा रकाना कोरा राहतो. वजन मात्र लिहिलेलं असतं, १६ किलो. उंचीशिवाय त्या आकड्याचा अर्थ लावणं अवघड आहे.

गैरसमज : झोपवून डोक्यापासून टाचेपर्यंत टेप लावला की झालं.

दोन वर्षांखालच्या बाळांची लांबी आपण झोपवूनच मोजतो, म्हणून हे पटतं. पण तिथे बाळाचे पाय पूर्ण सरळ करून फळीला टेकवता येतात. आखडलेला गुडघा आणि वाकलेला कणा सरळ होत नाहीत. ओढून सरळ करायला गेलं तर मूल दुखावतं, शिवाय ताठरपणा आणखी वाढतो. त्यामुळे झोपवून घेतलेलं माप बहुतेक वेळा कमी भरतं. आपल्या मुलीचं ते १०८ सेंटिमीटर आलं असं धरू.

अशा वेळी सरळ राहिलेलं एखादं लांब हाड शोधायचं आणि त्यावरून उंचीचा अंदाज काढायचा. १९९५ साली स्टीव्हन्सन यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अशी सूत्रं मांडली. त्यातलं सर्वांत नेमकं सूत्र गुडघा-उंचीचं आहे. गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात ठेवायचे, चप्पल-बूट काढायचे, आणि टाचेच्या तळापासून गुडघ्याच्या वाटीच्या किंचित मागे मांडीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं सरळ अंतर सरकत्या पात्याच्या कॅलिपरने मोजायचं. नंतर:

उंची = (२.६९ × गुडघा-उंची) + २४.२

या मुलीची गुडघा-उंची ३५ सेंटिमीटर भरली. ३५ ला २.६९ ने गुणलं की ९४.१५, त्यात २४.२ मिळवले की सुमारे ११८.४. टेपच्या मापापेक्षा दहा सेंटिमीटरहून जास्त!

गैरसमज : उंची थोडी कमी-जास्त लिहिली तर काय बिघडतं?

१६ किलो वजन आणि १०८ सेंटिमीटर उंची धरली, तर बॉडी मास इंडेक्स १३.७ येतो. नऊ वर्षांची मुलगी बारीक आहे, पण कुपोषित म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष निघतो. ११८.४ धरली तर तोच आकडा ११.४ होतो, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीव्र कृशता. मूल तेच, वजन तेच. फक्त उंची चुकली आणि उपासमार झाकली गेली. ‘ही मुलं अशीच बारकी असतात’ हे वाक्य ऐकून मी अस्वस्थ होतो ते यामुळेच. गिळताना ठसका लागतो, एकेका घासाला खूप वेळ जातो, आणि पोट भरण्याआधीच मूल दमतं. यावर उपाय करता येतात, पण त्यासाठी आधी तूट दिसायला हवी.

गैरसमज : सूत्रातून आलेला आकडा म्हणजे खरी उंची.

तो अंदाज आहे, आणि मोजताना झालेली चूक सूत्र वाढवून परत देतं. गुडघा-उंचीत एक सेंटिमीटर चुकलं तर उंचीत २.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून दोन-तीनदा मोजून सरासरी घ्यावी. माप कमी बाधित बाजूचं घ्यावं, कारण एका बाजूला लकवा असेल तर त्या बाजूची हाडं आखूड राहू शकतात.

घोटा काटकोनात येतच नसेल, पाऊल खाली लोंबलेलं असेल, तर गुडघा-उंची घेऊच नये, कारण टाच जागेवर नसते. तेव्हा नडगी मोजायची: गुडघ्याच्या आतल्या बाजूला नडगीच्या हाडाची वरची कड बोटाने चाचपायची, तिथून आतल्या घोट्याच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत टेप सरळ धरायचा. उंची = (३.२६ × नडगी) + ३०.८. आपल्या मुलीची नडगी २६.५ भरली, तर उंची ११७.२ येते. गुडघ्यावरून आलेल्या आकड्याच्या ती जवळ आहे, म्हणजे मोजमाप विश्वासार्ह दिसतं. दोन्हींत सात-आठ सेंटिमीटरचा फरक पडला असता, तर आधी पुन्हा मोजावं लागलं असतं. दोन्ही हात पसरून घेतलेलं माप मात्र कोपर किंवा मनगट आखडलं असेल तर निरुपयोगी ठरतं.

ही सूत्रं मोठ्यांना लावू नयेत. साठीपुढच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी चुम्ली यांची वेगळी सूत्रं आहेत, आणि त्यांत गुडघा-उंचीबरोबर वयही धरलं जातं, कारण वयानुसार कणा खचतो. स्त्री-पुरुषांची सूत्रंही निराळी आहेत. शिवाय स्टीव्हन्सन यांची सूत्रं आपल्याकडच्या मुलांवरून बेतलेली नाहीत, त्यामुळे एका मापापेक्षा सहा महिन्यांनी घेतलेलं पुढचं माप जास्त बोलतं. ते त्याच हाडाचं, त्याच बाजूचं असलं पाहिजे. कार्डावर म्हणून ‘११८.४ सेंमी, अंदाजित, डावी गुडघा-उंची ३५.०’ असं पूर्ण लिहावं. मूळ माप नोंदवलेलं असलं की पुढच्या वेळी दुसरं माणूस आलं तरी त्याला ते तपासून पाहता येतं.