पडद्यामागचा खोका

पाच महिन्यांच्या बाळासमोरच्या खुळखुळ्यावर रुमाल टाकला, तर ते रुमाल ओढून काढत नाही. त्याचं लक्षच दुसरीकडे जातं. यावरून झाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की, आठ-नऊ महिन्यांपर्यंत नजरेआड झालेली वस्तू बाळाच्या लेखी उरतच नाही. पण रुमाल ओढायला हातांची जुळवाजुळवही लागते. वस्तू आहे हे बाळाला कळत असेल आणि फक्त हात चालत नसतील, तर?

रेने बायार्जाँ, एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅन्ली वॉसरमन यांनी 1985 साली हातांना वगळून थेट नजरेलाच विचारायचं ठरवलं. पालकाच्या मांडीवरच्या बाळासमोर एक पडदा आडवा पडलेला असे. तो उभा राही, मागे झुकून पूर्ण 180 अंशांत आडवा होई आणि तसाच परत येई. बाळाचं पाहणं सुरुवातीच्या निम्म्यावर येईपर्यंत हेच चाले. त्याने सलग दोन सेकंद नजर वळवली की ती फेरी संपे. छिद्रातून पाहणाऱ्या निरीक्षकांना बाळासमोर नेमकं काय चाललंय हे ठाऊक नसे.

मग पडद्याच्या वाटेत खोका ठेवला गेला. एका दृश्यात पडदा 120 अंशांवर, खोक्याला टेकून थांबे. दुसऱ्यात खोका गुपचूप दूर केलेला असे आणि पडदा जणू खोक्यातून आरपार जाऊन सपाट होई. या मांडणीतली खरी हुशारी मला इथे दिसते: अशक्य दृश्यातली हालचाल तीच, जिला बाळ आधीच कंटाळलेलं होतं. नवेपणाच हवा असता, तर त्याने 120 अंशांवर थांबणारा पडदा जास्त पाहिला असता. पण बाळं अशक्य दृश्याकडेच जास्त वेळ पाहत राहिली. खोका वाटेत नसताना हा फरक दिसला नाही.

वस्तू टिकून राहते आणि एक घन वस्तू दुसरीतून जात नाही, ही समज स्पेल्की यांच्या मते जन्मजात गाभ्याच्या ज्ञानात मोडते. पण नजर फसवूही शकते. बाळ पुरतं सरावलेलं नसेल, तर ते ओळखीचंच दृश्य जास्त पाहतं, आणि या प्रयोगात ओळखीची हालचाल नेमकी 180 अंशांची! 2000 साली ‘इन्फन्सी’ या नियतकालिकात संशोधकांनी हीच शंका प्रयोगांनिशी मांडली. ती रास्त आहे. बाळ किती वेळ पाहतं हे मोजता येतं, का पाहतं हे त्या सेकंदांतून कळत नाही.

म्हणूनच एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांचा 2015 सालचा प्रयोग मला मोलाचा वाटतो. त्यांनी अकरा महिन्यांच्या बाळांना अशक्य दृश्य दाखवून तेच खेळणं हातात दिलं. भिंतीतून आरपार गेलेलं खेळणं बाळं जास्त आपटून पाहत होती, आणि आधाराशिवाय अधांतरी राहिलेलं खेळणं खाली टाकून पाहत होती.