जुन्या चित्रफितींना नेमके टॅग

दूरचित्रवाणीच्या संग्रहात एकाच शहराच्या फितींवर कुठे ‘बॉम्बे’, तर कुठे ‘मुंबई’ लिहिलेले असते. शहराचे अधिकृत नाव १९९५ मध्ये बदलले, त्यामुळे एकाच नावाने शोध घेतल्यास उरलेल्या फिती निसटतात. म्हणून टॅगांची मान्य यादी करताना प्रत्येक स्थळाला एक कायम क्रमांक, एक मुख्य नाव आणि त्याला जोडलेली पर्यायी नावे देतात.

तासाभराच्या फितीला एकच टॅग पुरत नाही. गिरणी संपाचे दृश्य बाराव्या ते पंधराव्या मिनिटात असेल, तर टॅग तेवढ्याच भागाला लावतात.

यादी पक्की करण्याआधी दोघांकडून त्याच फितींना स्वतंत्रपणे टॅग लावून घेतात. ते वारंवार जुळले नाहीत, तर बहुधा त्या टॅगची व्याख्या संदिग्ध असते आणि ती सुधारावी लागते.