नववीच्या डब्याचे गणित

उजनी धरणाच्या काठावर ऊस आणि केळीच्या बागा वाढल्या तशी घराघरांतली सकाळही बदलली. पहाटे रानात जाण्याआधी आईने घाईत भरलेला डबा मुलांबरोबर शाळेत जातो. करमाळा तालुक्यातल्या धरणाकाठच्या एका माध्यमिक शाळेत नववीच्या पालकसभेत विज्ञानाच्या शिक्षिका या डब्यावरच बोलल्या. कारण साधे होते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. सहावी ते आठवीच्या मुलांना त्या जेवणातून २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. नववीत गेले की खिचडी बंद होते आणि नेमकी याच वयात उंची वाढत असते.

"आता डबा हेच त्यांचं दुपारचं जेवण आहे," मॅडम म्हणाल्या आणि फळ्यावर हिशेब मांडू लागल्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ४३ ग्रॅम आणि मुलाला ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. त्यातला एक तृतीयांश वाटा डब्याचा धरला तरी १५ ग्रॅम होतात. आदल्या आठवड्यात वर्गात सर्वांत जास्त दिसलेला डबा दोन चपात्या आणि बटाट्याच्या भाजीचा होता. दोन चपात्यांना ७० ग्रॅम पीठ लागते, त्यातून सात ग्रॅम प्रथिने मिळतात. वाटीभर बटाट्यातून जेमतेम दोन. म्हणजे नऊ. सोबत केळे दिले तर आणखी एखादा ग्रॅम.

मागच्या बाकावरून एका आईने विचारले, "मग मॅडम, चपाती कमी करू का?" हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असावा, कारण कुजबुज थांबली. मॅडमनी ठाम नकार दिला. पोळी-भाकरीतल्या कर्बोदकांवर शरीर चालते. सायकलवर पाच किलोमीटर येणाऱ्या मुलीला ती कमी पडली, तर शरीर प्रथिनेच जाळून ताकद मिळवते. मग वाढीसाठी दिलेले वाढीला उरत नाही. चपाती दोनच राहू द्या, बदल भाजीत करा, असे त्यांनी सांगितले.

बटाट्याच्या जागी मटकीची सुकी उसळ घ्या. कोरडी मटकी २५ ग्रॅम, म्हणजे लहान मूठभर. तिच्यातून पाच ग्रॅम प्रथिने येतात. सोबत दोन चमचे शेंगाचटणी, त्यात साधारण १५ ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे साडेतीन ग्रॅम. सात, पाच आणि साडेतीन मिळून साडेपंधरा. डब्याचे पोट तेवढेच, खर्चही फार वाढत नाही.

इथे एका वडिलांनी रास्त शंका काढली. चटणीतच एवढी प्रथिने आहेत, तर चटणीच दुप्पट द्यावी, मटकीचा खटाटोप कशाला? मला वाटते, त्या सभेतले सर्वांत मोलाचे उत्तर हेच होते. प्रथिन हे अमिनो आम्लांच्या वेगवेगळ्या विटांनी बनते. त्यातली लायसिन नावाची वीट गहू-ज्वारीत कमी असते आणि शेंगदाण्यातही कमीच. एक वीट संपली की बाकीच्या पडून राहतात, भिंत चढत नाही. मटकी, हुलगा, हरभरा, तूर यांत ती वीट भरपूर असते. म्हणून सोलापूरकरांच्या लाडक्या चटणी-भाकरीला कडधान्याची जोड हवीच. तीन वाटे धान्याला एक वाटा डाळ किंवा कडधान्य, हे ढोबळ माप. दोन्ही एकाच घासात जायला हवे असे नाही. दिवसभरात जमले तरी चालते.

अंडे, दूध, मासे यांत सगळ्या विटा असतात. दोन उकडलेल्या अंड्यांतून बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. ती सोलून न देता टरफलासकट द्यावीत. धरणातली चिलापी स्वस्त मिळते, पण ती रात्रीच्या ताटात बरी. सकाळी सातला भरलेला मासा उन्हात दुपारपर्यंत टिकत नाही. उसळीचेही तेच. रस ठेवला तर एप्रिलमध्ये ती आंबते, म्हणून पाणी आटवून, गार झाल्यावरच झाकण लावायचे. गरम डबा बंद केला की आत घाम धरतो. मोड चिकट झाले किंवा आंबूस वास आला तर ती उसळ मुलाला देऊ नये.

शेवटी उपवासाचा विषय निघाला. पंढरपूर जवळ, एकादशी घरोघर. साबुदाण्यात प्रथिने जवळपास नसतातच; खिचडीत जे काही असते ते शेंगदाण्याच्या कुटाचे, त्यातही लायसिन कमीच. "मग त्या दिवशी काय?" या प्रश्नावर मॅडम म्हणाल्या, "कूट हात राखून घालू नका आणि शाळेतून आल्यावर मुलीला मोठा पेला दूध द्या. डेअरीला घालायच्या आधी तेवढं बाजूला काढा."