बाबांचा विमा वाढवायचाय? मग रिटायरमेंटची वाट बघू नका

आजचा भाग घरच्या हिशोबाचा. आम्ही भिवपुरीचे. बाबा ५७ वर्षांचे, रोज कर्जत लोकलने नोकरीला जातात. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. कंपनीचा ग्रुप विमा साठीला नोकरीबरोबरच संपणार. स्वतःची ५ लाखांची पॉलिसी सहा वर्षं चालू आहे, तिचा वेटिंग पिरियड कधीच संपलाय.

मला वाटलं, रिटायर झाले की ती १५ लाखांची करून टाकू. इथेच मी चुकत होतो.

कव्हर वाढवलं की जुन्या ५ लाखांचं वेटिंग संपलेलंच राहतं, पण वाढलेल्या १० लाखांचं पहिल्यापासून सुरू होतं. आधीपासूनच्या आजारांसाठी ते जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकतं (एप्रिल २०२४ आधी चार होती). म्हणजे साठीला वाढवलं आणि एकसष्टाव्या वर्षी बीपीमुळे हार्टचं ८ लाखांचं बिल आलं, तर कंपनी ५ लाखच धरणार. उरलेले ३ लाख आपल्या खिशातून. पोर्ट करून दुसऱ्या कंपनीत गेलात तरी हेच, जुन्या कव्हरएवढंच क्रेडिट मिळतं. अपघाताला मात्र वेटिंग नसतं.

आज ५७ व्या वर्षी वाढवलं, तर ही तीन वर्षं बाबा नोकरीत असतानाच निघून जातात. त्या काळात ग्रुप विमा सोबत आहेच.

आता प्रीमियम. साठीच्या पुढच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी IRDAI शी बोलावं लागतं, असा नियम जानेवारी २०२५ मध्ये आला. ऐकायला बरं वाटतं. पण दरवर्षी १० टक्के म्हणजे साडेसात वर्षांत दुप्पट. आज ३० हजार असेल तर साधारण पासष्टीला ६० हजार, आणि तेव्हा पगार नसणार.

म्हणून आम्ही बेस पॉलिसी ५ लाखांचीच ठेवली आणि वर सुपर टॉप-अप घेतला. वर्षभराची बिलं मिळून ५ लाखांच्या वर गेली की तो पैसे देतो, त्यामुळे स्वस्त पडतो. त्यालाही स्वतःचं वेटिंग आहे, म्हणून तोही आत्ताच घेतला. फॉर्मवर बीपी, शुगर, गोळ्यांची नावं, सगळं लिहिलं. एजंट म्हणत होता 'शुगर नका लिहू'. त्याचं काय जातंय, क्लेम नाकारला तर आपलाच जातो ना!

एक गोष्ट टॉप-अपनेही सुटत नाही. आमच्या बेसमध्ये खोलीभाड्याला १ टक्का मर्यादा आहे, म्हणजे दिवसाला ५,०००. पनवेलला ८,००० ची खोली घेतली, तर फरक फक्त ३,००० चा राहत नाही. डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही आठातले पाच भाग एवढंच मंजूर होऊ शकतं. औषधं आणि इम्प्लांट यातून वगळलेले असतात. त्यामुळे पुढच्या रिन्यूअलला ही मर्यादा नसलेल्या पॉलिसीत पोर्ट करायचा विचार आहे. अर्ज मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी करायचा. मी मोबाईलवर दोन महिने आधीचा रिमाइंडर लावून ठेवलाय.