घरखर्चाच्या वहीतले चोर आकडे

समजा, एका घराचा महिन्याचा खर्च एक्सेलमध्ये ६४,२५० रुपये दिसतो, पण बँकेतली शिल्लक त्याच्याशी जुळत नाही. किराणा आणि पेट्रोल क्रेडिट कार्डावर घेतलं, तेव्हाच त्याची नोंद झाली. पुढे कार्डाचं ९,३०० रुपयांचं बिल भरलं आणि तेही ‘बिलं’ या सदरात चढलं. एकच खर्च दोनदा! बिल भरणं म्हणजे जुनी उधारी फेडणं. नवा खर्च धरायचा तो फक्त त्यातल्या व्याजाचा आणि दंडाचा. बिलात मागच्या महिन्याची खरेदीही असते, म्हणून नुसती रक्कम न पाहता स्टेटमेंटची एकेक ओळ नोंदींशी ताडून पाहावी.

दुसरी चूक बेरजेत. किराण्याची उपबेरीज `=SUM(C4:C8)` होती आणि दुधाचे १,९५० रुपये नंतर नवव्या ओळीत लिहिले गेले.

ती पकडायला सगळ्या सुट्या नोंदींची वेगळी बेरीज करावी. इथे ती ६६,२०० येते. फरक नेमका दुधाचा. दुबार नोंद मात्र या ताळ्यात सापडत नाही, कारण ती दोन्हीकडे असते. कार्डाचे ९,३०० वजा केले, की खरा खर्च निघतो ५६,९०० रुपये.