पिशवीत दहा मगाझीन

कझाकस्तानातल्या अल्माटीपासून किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक सुमारे २४० किलोमीटरवर आहे. हे अंतर संपत आलं की कोर्दायचं सीमानाकं लागतं. मधून चू नदी वाहते. इथे मार्शरूत्कातून, म्हणजे ठरलेल्या मार्गावर धावणाऱ्या लहान बसमधून, सगळ्यांनी सामानासकट उतरायचं. कझाक बाजूला देश सोडल्याचा शिक्का घ्यायचा, पायी पूल ओलांडायचा आणि पलीकडे अक्-जोल नावाच्या किर्गिझ ठाण्यावर प्रवेशाचा शिक्का घ्यायचा. रिकामी बस तोवर पलीकडे येऊन थांबते, पण फार वेळ थांबत नाही.

वैद्यकीय शिक्षणासाठी महाराष्ट्रातली बरीच मुलंमुली किर्गिझस्तानात जातात, त्यामुळे त्यांचे आईवडीलही कधीतरी या वाटेला लागतात. पुढचा प्रसंग कल्पित आहे. त्यातले रशियन शब्द आणि त्यांनी होणारे घोटाळे मात्र खरे आहेत.

दिवाळीनंतरचा आठवडा आहे. साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक बिश्केकला शिकणाऱ्या मुलीला भेटायला निघाले आहेत. तीन महिने त्यांनी एका वहीत देवनागरीत रशियन शब्द उतरवून पाठ केले. दोन्ही देशांच्या स्वतःच्या भाषा आहेत, कझाक आणि किर्गिझ. पण परक्या माणसाशी सीमेवरचा शिपाई सहसा रशियनमध्येच बोलतो. म्हणून गुरुजींची मेहनत योग्य दिशेनं होती.

कझाक खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडला आणि विचारलं, "फामीलिया?"

गुरुजींना बरं वाटलं. शब्द ओळखीचा होता. फॅमिली विचारतोय. ते, पत्नी, मुलगा, मुलगी. "चितीरे," ते म्हणाले. चार.

अधिकाऱ्यानं मान उंचावून रांगेकडे पाहिलं. चार जण, मग बाकीचे तिघे कुठे? त्यानं तसं विचारलं. गुरुजींनी वहीतला आणखी एक शब्द काढला, "दोमा". घरी. अधिकाऱ्यानं पासपोर्ट पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला घेतला. एकच माणूस समोर आहे, तो चार जण असल्याचं सांगतो आणि तिघे घरी आहेत म्हणतो. सीमेवरच्या माणसाला असं उत्तर नोंदवता येत नाही.

रशियनमध्ये 'फामीलिया' म्हणजे आडनाव. कुटुंबाला 'सिम्या' म्हणतात. लॅटिनमधला एकच शब्द इंग्रजीत कुटुंब झाला आणि रशियनमध्ये आडनाव. अनोळखी शब्दापाशी माणूस थांबतो आणि पुन्हा विचारतो. असा ओळखीचा वाटणारा शब्द मात्र त्याला बेधडक उत्तर द्यायला लावतो, म्हणूनच तो जास्त फसवतो.

अधिकाऱ्यानं शेवटी पासपोर्टवरच्या आडनावावर बोट ठेवलं आणि पुन्हा "फामीलिया" म्हटलं. मग नावावर बोट ठेवून "ईम्या". मग त्यापुढच्या शब्दावर बोट ठेवून प्रश्नार्थक स्वरात "ओत्चेस्त्वा?" गुरुजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आडनाव, नाव, वडिलांचं नाव! आयुष्यभर त्यांनी शाळेच्या हजेरीपटावर आणि दाखल्यांवर हाच क्रम लिहिला होता. रशियन कागदपत्रांतही माणसाची ओळख याच तीन भागांत आणि याच क्रमानं लिहिली जाते. नावाच्या मध्ये वडिलांचं नाव का, हे अनेक देशांत समजावून सांगावं लागतं. रशियन वळणाच्या कचेरीत ते आपणहून विचारलं जातं. गुरुजींनी तिन्ही नावं ठणठणीत आवाजात सांगितली.

अधिकारी हसला, पासपोर्ट घेऊन उठला आणि जाता जाता म्हणाला, "सिचास."

वहीत 'चास' होता. चास म्हणजे तास. एक तास थांबायचं तर उभं कशाला राहायचं, म्हणून गुरुजी भिंतीच्या कडेला जाऊन सुटकेसवर बसले आणि पाणी काढलं. दोन मिनिटांत अधिकारी परतला. खिडकीसमोर कोणी नाही, हातात भारताचा पासपोर्ट. त्यानं नाव पुकारलं. परक्या उच्चारातलं स्वतःचं नाव गुरुजींना ओळखू आलं नाही. तिसऱ्या हाकेला दुसरा शिपाई रांग तपासत आला, तेव्हा कुठे ते धावत पुढे गेले.

'सिचास' हा मुळात 'हा तास' अशा अर्थाच्या दोन शब्दांचा जोड आहे, म्हणून 'चास' त्यात ऐकू येतो. आज त्याचा अर्थ 'आत्ता' किंवा 'आलोच' एवढाच आहे. आपल्या 'आलोच' सारखाच तो एका क्षणापासून पाव तासापर्यंत ताणला जातो, पण त्यात घड्याळातला तास मोजायचा नसतो. सीमेवर हा शब्द कानावर आला तर जागा सोडायची नाही.

शिक्का बसला. पूल ओलांडून गुरुजी किर्गिझ बाजूला आले. कझाकस्तान आणि किर्गिझस्तान हे दोन्ही युरेशियन आर्थिक संघात आहेत, त्यामुळे ऑगस्ट २०१५ पासून या सीमेवरची सीमाशुल्काची तपासणी उठली आहे. पासपोर्टची तपासणी राहिली, आणि शंका आली तर शिपाई पिशवी उघडायला सांगतो. गुरुजींची कापडी पिशवी जड होती. शिपायानं तिच्याकडे हात करून आत काय आहे ते विचारलं.

आत दिवाळी अंक होते. मुलीनं मुद्दाम मागवलेले. अंक म्हणजे मॅगझिन, असा विचार करून गुरुजी अभिमानानं म्हणाले, "मगाझीन." मग बोटं दाखवून, "दिस्यात." दहा.

शिपायाचा चेहरा बदलला. तो एक पाऊल मागे सरकला आणि त्यानं सहकाऱ्याला हाक मारली.

'मगाझीन' या रशियन शब्दाचे रोजचे अर्थ दोन. पहिला, दुकान. दुसरा, बंदुकीचं काडतुसं भरायचं मॅगझिन. दहा दुकानं पिशवीत मावत नाहीत. दुसऱ्या अर्थाची दहा नगं सहज मावतात, आणि गणवेशातल्या माणसाच्या मनात तोच अर्थ आधी येतो. नियतकालिकाला रशियनमध्ये 'झुर्नाल' म्हणतात. गुरुजींना हे ठाऊक नव्हतं. समोरचे दोघे गंभीर का झाले, हे न कळून त्यांनी मदत करण्यासाठी स्वतःच पिशवीत हात घातला. शिपाई ओरडला. हात तिथेच थांबला.

रांगेतली एक किर्गिझ बाई हे पाहत होती. पिशवीच्या तोंडाशी तिला रंगीत मुखपृष्ठाची कड दिसली. "झुर्नाल! झुर्नाल!" ती म्हणाली. शिपायानं स्वतः पहिला अंक बाहेर काढला, मुखपृष्ठावरची पणती पाहिली, पानं फडफडवली. मग दुसरा, तिसरा. दहाही अंक टेबलावर आले आणि सहकारी पोट धरून हसायला लागला.

या शब्दाचा उगम अरबीत आहे. कोठाराला अरबीत 'मख्झन' म्हणतात, त्याचं अनेकवचन 'मखाझिन'. कोठार या अर्थानं शब्द युरोपात गेला. फ्रेंचमध्ये आणि तिथून रशियनमध्ये तो दुकान झाला, दारूगोळ्याच्या कोठारावरून बंदुकीचा भाग झाला, आणि इंग्रजीत माहितीचं कोठार म्हणून नियतकालिकही झाला. याच अरबी धातूपासून आलेला 'खजिना' आपण मराठीत रोज वापरतो. गुरुजी त्या दिवाळी अंकांना खजिना म्हणाले असते तर शब्दाच्या मुळाशी ते चुकले नसते.

अंकांखाली दोन पुड्या होत्या. एक चकलीच्या भाजणीची, एक पिठीसाखरेची. पांढरी पूड पाहून शिपाई पुन्हा सावध झाला. भाजणीकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, काय हे? पिठाला रशियनमध्ये 'मुका' म्हणतात, हे गुरुजींना पाठ होतं. मराठीतल्या मुक्या माणसावरून त्यांनी तो लक्षात ठेवला होता आणि तसाच, पहिल्या अक्षरावर जोर देऊन, उच्चारला. "मूका." शिपायाला ऐकू आलं, "यातना."

रशियन शब्दात एका अक्षरावर आघात येतो आणि तो कुठे येईल याचा सोपा नियम नाही. 'का'वर जोर दिला तर पीठ, 'मू'वर दिला तर यातना. छापील मजकुरात हा आघात बहुधा दाखवत नाहीत. मुलांच्या आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत तो स्वरावरच्या तिरप्या रेघेनं दाखवतात. मराठीत आघात हलल्यानं शब्दाचा अर्थ असा बदलत नाही, म्हणून आपला कान त्याकडे लक्षच देत नाही. देवनागरीत शब्द उतरवताना तो हमखास गळतो.

याची दुसरी प्रचीती लगेच आली. शिपायानं मुलीचा पत्ता विचारला. तोंडी सांगण्यापेक्षा लिहून द्यावा म्हणून गुरुजींनी "लिहू का?" असं विचारलं. लिहिणं म्हणजे 'पिसात', जोर 'सा'वर. गुरुजींनी जोर 'पी'वर दिला. तसा उच्चार केला की त्याचा अर्थ लघवी करणं असा होतो. शिपायानं समजूतदारपणे कोपऱ्यातल्या दाराकडे हात केला. गुरुजी पेन हातात घेऊन तिकडे गेले, दार उघडलं आणि आत लिहायचं टेबल नसल्याचं पाहून परतले.

शेवटी उरली पांढरी पुडी. आता रशियन शब्द वापरायची त्यांची हिंमत राहिली नव्हती. थकून त्यांनी सरळ मराठीत सांगितलं, "अहो, साखर आहे ती, साखर."

"आ, साखर!" शिपाई म्हणाला. त्यानं पुडी परत ठेवली.

रशियनमध्ये साखरेला 'साखर'च म्हणतात. जोरही पहिल्याच अक्षरावर; फक्त 'ख' घशातून थोडा घासून येतो. संस्कृत 'शर्करा'चं प्राकृतात 'सक्करा' झालं आणि त्यातून मराठी 'साखर' आली. भारतातूनच हा शब्द ग्रीकमध्ये गेला आणि तिथून रशियनमध्ये पोचला. दोन वेगळ्या वाटांनी निघालेला शब्द चू नदीच्या काठी एकाच रूपात भेटला.

प्रवेशाचा शिक्का बसला. बस अजून उभी होती.

या वाटेनं जाणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी करून ठेवाव्यात. जिथे उतरायचं तिथला पत्ता आणि फोन नंबर रशियन लिपीत कागदावर लिहून घ्यावा, म्हणजे तो बोलून दाखवावा लागणार नाही. आणि एक वाक्य सगळ्यांत आधी पाठ करावं: "या प्लोखा गवर्यू पा-रूस्की." मला रशियन नीट बोलता येत नाही. गुरुजींच्या वहीत हे वाक्य शेवटच्या पानावर होतं. बिश्केकला पोचल्यावर मुलीनं ते पहिल्या पानावर लिहून दिलं आणि वहीतल्या प्रत्येक शब्दावर लाल शाईनं आघाताची रेघ मारली.